परीक्षकाचे आभार मानताना काय लिहावे?

फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात जानेवारी 1937 मध्ये गुरुत्वीय लहरींवर एक शोधनिबंध छापून आला. लेखक होते आल्बर्ट आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन. निबंधाच्या शेवटी आइन्स्टाइन यांनी एक छोटी टीप जोडली होती. रोझेन रशियाला गेल्यानंतर निबंधाचा दुसरा भाग आपण बराच बदलला, कारण सूत्रांतून निघालेल्या निष्कर्षाचा अर्थ आम्ही आधी चुकीचा लावला होता, असे त्यांनी तिथे नोंदवले. ती मूळ चूक स्पष्ट होण्यासाठी केलेल्या स्नेहपूर्ण मदतीबद्दल सहकारी प्राध्यापक रॉबर्टसन यांचे त्यांनी आभार मानले आणि भाषांतराला मदत करणाऱ्या हॉफमन यांचाही उल्लेख केला. एवढ्यावर टीप संपते. शोधनिबंधातले आभार कसे असावेत यासाठी मला हीच टीप सर्वांत चांगला नमुना वाटते. आभार ही केवळ शिष्टाचाराची ओळ नसते. निबंधात काय बदलले, कोणामुळे बदलले आणि त्याची जबाबदारी कोणाची, याची ती नोंद असते. ज्या आभारात ही नोंद नाही, त्या आभाराने वाचकाला काहीच मिळत नाही आणि ज्याचे आभार मानले त्यालाही फारसे काही मिळत नाही.

त्या टीपेमागची हकिकत अशी. 1936 च्या उन्हाळ्यात आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाकडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात आहेत का, असा प्रश्नच त्याच्या शीर्षकात होता आणि दिलेले उत्तर नकारार्थी होते. व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांतून सपाट लहरीचे अचूक उत्तर काढायला गेले की त्या उत्तरात एके ठिकाणी राशी बेसुमार होते, ती टाळता येत नाही, म्हणून अशा लहरी असूच शकत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. संपादक जॉन टेट यांनी निबंध एका परीक्षकाकडे पाठवला. परीक्षकाने दहा पानांचा अहवाल लिहिला. त्यातला मुख्य मुद्दा असा होता की बेसुमार होणारी ती राशी निसर्गात नाही, लेखकांनी निवडलेल्या निर्देशकांत आहे. उत्तर ध्रुवावर पोचल्यावर रेखांश कोणता हे सांगता येत नाही, पण म्हणून तिथली जमीन फाटलेली नसते. अडचण नकाशावरच्या रेघांची असते. तसेच हे गणित दंडगोलाकार निर्देशकांत मांडले की अडचण नाहीशी होते, आणि हातात असलेले उत्तर सपाट लहरीचे नसून एका अक्षाभोवती पसरणाऱ्या दंडगोलाकार लहरीचे आहे हे उघड होते.

टेट यांनी 23 जुलैला हा अहवाल आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला आणि त्यावर त्यांचे म्हणणे विचारले. 27 जुलैला आलेले उत्तर रागाचे होते. हस्तलिखित छापण्यासाठी पाठवले होते, छापण्याआधी ते तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी दिलेली नव्हती, तुमच्या अनामिक तज्ज्ञाच्या टिप्पण्या तशाही चुकीच्या आहेत, म्हणून निबंध दुसरीकडे देतो आहे, असा त्या पत्राचा आशय होता. आइन्स्टाइन यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या जर्मन नियतकालिकांत त्यांचे तरुणपणीचे काम छापले गेले, तिथे निबंध छापायचा की नाही हे बहुतेक वेळा संपादकच ठरवत. बाहेरच्या परीक्षकाकडे निबंध जाणे हा त्यांच्या सवयीचा भाग नव्हता. पण सवयीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: परीक्षकाचे म्हणणे बरोबर होते आणि ते त्यांनी स्वीकारले नाही.

तो परीक्षक म्हणजे प्रिन्स्टन विद्यापीठाचे हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. ही गोष्ट पक्की झाली ती ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या जुन्या नोंदवहीतून, आणि इतिहासकार डॅनियल केनेफिक यांनी ती 2005 मध्ये सर्वांसमोर मांडली. अहवाल लिहिला तेव्हा रॉबर्टसन कॅलिफोर्नियात होते. ऑगस्टमध्ये ते प्रिन्स्टनला परतले आणि आइन्स्टाइन यांचे नवे सहायक लेओपोल्ड इन्फेल्ट यांच्याशी त्यांची ओळख वाढली. इन्फेल्ट यांनी लहरी नसल्याची सिद्धता त्यांना दाखवली. रॉबर्टसन यांनी त्यातली चूक दाखवून दिली. इन्फेल्ट ते सांगायला आइन्स्टाइन यांच्याकडे गेले, तर त्यांनाही स्वतःच्या मांडणीत चूक सापडलेली होती. तोवर निबंध फिलाडेल्फियाला पोचून त्याची मुद्रिते तयार झाली होती. त्या मुद्रितांतच दुसरा भाग बदलण्यात आला, शीर्षकातला प्रश्न गेला, आणि दंडगोलाकार गुरुत्वीय लहरींचे अचूक उत्तर देणारा निबंध प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी 1937 मध्ये रॉबर्टसन यांनी टेट यांना पत्र लिहून कळवले की निबंध दुसरीकडे गेला तेव्हा परीक्षकाने दाखवलेल्या एकदोन आकड्यांच्या चुकाही दुरुस्त केलेल्या नव्हत्या. निष्कर्ष उलटा आहे हे आपण लेखकाला पटवून दिल्यावर मग तो मुद्रितांत बदलला. जुलैमध्ये ज्याला झिडकारले, त्याच माणसाचे जानेवारीत नावानिशी आभार मानले गेले. ही दोन्ही माणसे एकच आहेत हे आइन्स्टाइन यांना कधी कळले, याचा पुरावा नाही.

आता ती टीप पुन्हा वाचावी. तिच्यात बदललेला भाग कोणता हे सांगितले आहे. चूक आमची होती हे सांगितले आहे. मदत कोणी केली आणि ती नेमकी कशासाठी झाली हेही आहे. शिवाय बदल ‘मी’ केला, सहलेखक दूर असताना केला, ही कबुली आहे. शेवटचा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण पुढच्या घटनेने त्याचे मोल दाखवून दिले. बदललेला निष्कर्ष रोझेन यांना पटला नाही आणि सपाट लहरी शक्य नाहीत हे मत त्यांनी त्याच वर्षी सोव्हिएत संघातून निघणाऱ्या नियतकालिकात स्वतंत्रपणे मांडले. टीप नसती, तर एकच माणूस एकाच वर्षी दोन परस्परविरोधी निष्कर्षांवर सही करतो आहे असे वाचकाला दिसले असते आणि त्याचा उलगडा झाला नसता. टीपेमुळे कळते की पहिल्या निबंधाचा दुसरा भाग रोझेन यांच्या अनुपस्थितीत बदलला होता. आभाराच्या दोनतीन वाक्यांनी सहलेखकाची बाजूही राखली.

या नमुन्याच्या शेजारी आज सर्रास दिसणारी ओळ ठेवून पाहावी: ‘अनामिक परीक्षकांनी केलेल्या मौलिक सूचनांमुळे निबंधाचा दर्जा उंचावला, त्याबद्दल लेखक त्यांचे ऋणी आहेत.’ हजारो निबंधांच्या शेवटी ही ओळ थोड्याफार फरकाने येते. तिच्यातून सूचना कोणती, दर्जा कुठे उंचावला, सूचना नसती तर काय राहिले असते, यातले काहीही कळत नाही. निबंध भूजलावरचा असो की भाषेवरचा, ती ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली तरी फरक पडत नाही.

समजा, एखाद्या तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते आहे असा निबंध कोणी पाठवला. दुसऱ्या परीक्षकाने लिहिले: पहिल्या वर्षीचे बहुतेक नमुने मे महिन्यातले आहेत आणि तिसऱ्या वर्षीचे ऑक्टोबरमधले, पावसाच्या पाण्याबरोबर शेतातले खत जमिनीत झिरपते, तेव्हा ही वाढ वर्षांची आहे की ऋतूंची? लेखकांनी नमुने पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे असे वेगळे केले आणि निम्मी वाढ नाहीशी झाली. अशा वेळी आभार असे लिहिता येतात: ‘पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे नमुने वेगळे तपासावेत, ही सूचना दुसऱ्या परीक्षकाने केली. तक्ता 3 आणि त्यावर आधारलेला निष्कर्ष त्या सूचनेतून आला. आधीच्या मसुद्यात वाढीचा अंदाज जास्त होता. राहिलेल्या चुका आमच्या आहेत.’ शब्द मोजले तर दुप्पटतिप्पट होतात, पण या चार वाक्यांतून पुढच्या अभ्यासकाला कळते की या विषयात ऋतूचा सापळा आहे आणि तो टाळण्याची रीत कोणती. गणितज्ञांकडे ही पद्धत जुनी आहे. परीक्षकाने सिद्धता छोटी करून दिली असेल, तर ‘ही सिद्धता परीक्षकाने सुचवली, आमची मूळ सिद्धता लांब होती’ असे त्या प्रमेयाजवळच लिहिले जाते. आभार शेवटच्या पानावर ढकलले जात नाहीत, उपकार जिथे झाला तिथेच नोंदले जातात. इतर शाखांनी ही रीत उचलावी असे मला ठामपणे वाटते. मोठ्या सूचनेची नोंद त्या त्या परिच्छेदाच्या तळटीपेत करावी आणि लहानसहान सूचनांसाठी शेवटी एक साधी ओळ ठेवावी.

इथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. सुधारित निबंधाबरोबर संपादकाकडे जे उत्तरपत्र जाते, ते आभारांचे ठिकाण नव्हे. तिथे परीक्षकाची प्रत्येक टिप्पणी जशीच्या तशी उतरवायची, तिच्याखाली आपण काय बदलले ते पान आणि ओळ क्रमांकासह सांगायचे, आणि बदलले नसेल तर का नाही ते पुराव्यानिशी लिहायचे असते. अनेक तरुण संशोधक या पत्रात प्रत्येक मुद्द्याची सुरुवात ‘अत्यंत मार्मिक सूचनेबद्दल धन्यवाद’ अशी करतात आणि बदल मात्र दोन शब्दांत उरकतात. तिसचाळीस मुद्द्यांच्या पत्रात हे वाक्य तेवढ्याच वेळा वाचणाऱ्या संपादकाला त्यातून काहीही मिळत नाही. पत्राच्या सुरुवातीला एकदा आभार मानावेत आणि पुढे काम दाखवावे. परीक्षकाला हवे असते ते हेच, की आपण काढलेला प्रश्न लेखकाने मन लावून वाचला.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द ‘नेचर’चा आहे. तिथे लेखकांसाठी असलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की ऋणनिर्देश थोडक्यात असावा आणि त्यात अनामिक परीक्षकांचे किंवा संपादकांचे आभार नसावेत. यामागचा विचार समजण्याजोगा आहे. परीक्षण ही व्यवस्थेचीच एक पायरी आहे, प्रत्येक निबंध त्यातून जातो, मग प्रत्येक निबंधात तेच आभार छापण्यात जागा का घालवावी? साचेबद्ध ओळीपुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे; ती ओळ न छापलेलीच बरी. पण नेमक्या नोंदीला तो लागू पडत नाही. तक्ता 3 परीक्षकाच्या सूचनेतून आला, हे वाक्य व्यवस्थेची स्तुती करत नाही, त्या तक्त्याचा उगम सांगते. दुसऱ्याच्या छापील निबंधातून कल्पना घेतली तर संदर्भ द्यावाच लागतो. परीक्षकाच्या अहवालातून घेतली तर मात्र तो गाळावा, याला तर्क नाही. आणि ‘नेचर’नेही हे वेगळ्या वाटेने मान्य केले आहे. आता परीक्षकाची संमती असेल तर निबंधाबरोबर त्याचे नाव तिथे छापले जाते, आणि अहवाल व लेखकांची उत्तरे वाचकांना खुली करण्याकडे त्या नियतकालिकाची वाटचाल झाली आहे. जिथे अहवालच वाचता येतो, तिथे आभार छोटे चालतात. जिथे तो कपाटबंद राहतो, आणि बहुतेक नियतकालिकांत तो तसाच राहतो, तिथे लेखकाने लिहिलेले वाक्य हाच एकमेव माग असतो.

दुसरा आक्षेप असा, की आभार मानले म्हणजे त्या माणसाचा निष्कर्षाला पाठिंबा आहे असे वाचकाला वाटू शकते. हा धोका खरा आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती याच कारणाने सांगते की ऋणनिर्देशात ज्यांची नावे घ्यायची त्यांची लेखी संमती घ्यावी. परीक्षक अनामिक असतो तेव्हा संमतीचा प्रश्न येत नाही, पण पाठिंब्याची छाया पडतेच: ‘तीन तज्ज्ञांनी तपासून दिले’ असा सूर लागतो. त्यावर उपाय गप्प बसणे हा नव्हे, नेमके लिहिणे हा आहे. परीक्षकाने ऋतूंबद्दलची सूचना केली असे लिहिले, तर उरलेल्या निबंधाशी त्याचा संबंध जोडला जात नाही. मोघम आभारानेच हा संबंध पसरट होतो. एखादी सूचना आपण मानली नसेल आणि ती महत्त्वाची असेल, तर तेही मजकुरात नोंदवायला हरकत नाही: ‘एका परीक्षकाच्या मते नमुने अपुरे आहेत, आम्ही पुढील कारणांनी ते पुरेसे मानतो.’ असे वाक्य वाचणारा वाचक लेखकावर जास्त विश्वास ठेवतो.

तिसरा प्रश्न नावाचा. परीक्षक कोण असावा याचा अंदाज लहान विषयात बांधता येतो आणि कधी कधी लेखकाला नावानिशी आभार मानायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. अंदाज चुकला तर भलत्याच माणसाला श्रेय जाते, बरोबर निघाला तर ज्याला गुप्त राहायचे होते त्याला आपण उघडे पाडतो. मदत फारच मोठी असेल तर संपादकामार्फत विचारावे. परीक्षक तयार असेल तर नाव द्यावे, नसेल तर सूचना नोंदवावी आणि नाव सोडावे. नाव कळायला कधी कधी फार वर्षे लागतात. पीटर हिग्ज यांचा 1964 चा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे गेला तेव्हा ब्रुसेल्सच्या एंग्लर्ट आणि ब्राउट यांच्या नुकत्याच आलेल्या निबंधाशी आपल्या कामाचा संबंध स्पष्ट करा, असे परीक्षकाने सांगितले. तो परीक्षक योइचिरो नाम्बू होते, हे हिग्ज यांना वीस वर्षांनी, 1984 मध्ये, खुद्द नाम्बू यांच्याकडून कळले. एंग्लर्ट आणि हिग्ज यांना 2013 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच वेळी झालेल्या त्या दोन कामांचा दुवा निबंधातच जोडला गेला, त्यात नाम्बू यांचा वाटा होता.

संपादकाबद्दल वेगळे थोडेच सांगायचे आहे, पण ते बहुधा विसरले जाते. दोन परीक्षकांचे अहवाल एकमेकांच्या उलट आले की कोणता मुद्दा अनिवार्य आणि कोणता ऐच्छिक हे संपादक ठरवतो. टेट यांनी त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञाचा निबंध परीक्षकाकडे पाठवण्याचे आणि दहा पानांचा प्रतिकूल अहवाल लेखकापुढे ठेवण्याचे धैर्य दाखवले. 1935 मध्ये त्याच लेखकाचे दोन गाजलेले निबंध त्यांच्याच नियतकालिकात छापून आले होते, तरीही. त्यानंतर आइन्स्टाइन यांनी तिथे नवा संशोधननिबंध दिला नाही; टेट यांना त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या टीपेत त्यांचा उल्लेख नाही, आणि ती टीप इथे उणी पडते. गुरुत्वीय लहरी 14 सप्टेंबर 2015 ला प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या, तेव्हा तो निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये, म्हणजे टेट यांच्या नियतकालिकाच्याच कुटुंबात, परीक्षकांच्या हाताखालून जाऊन फेब्रुवारी 2016 मध्ये छापला गेला. त्याच लहरींसाठीची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभी राहायची आहे. तिथून उद्या निबंध लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींनाही परीक्षकांचे अहवाल येणार आहेत, त्यातले काही कडवट असणार आहेत, आणि काही बरोबर असणार आहेत.

एक प्रकार मात्र जवळजवळ कोणीच पाळत नाही. पहिल्या नियतकालिकाने निबंध नाकारला, त्यांच्या परीक्षकाच्या टिप्पण्यांमुळे तो सुधारला, आणि मग तो दुसरीकडे स्वीकारला गेला, की आभार फक्त दुसरीकडच्या परीक्षकांना मिळतात. नकार झाला होता हे उघड करायला लेखक बिचकतात. पण सर्वांत जास्त काम बहुधा त्या पहिल्या परीक्षकाने केलेले असते, कारण निबंध सर्वांत कच्चा असताना तो त्याच्या हाती आला होता. नियतकालिकाचे नाव घेण्याची गरज नाही. ‘या निबंधाच्या आधीच्या मसुद्यावर दुसऱ्या एका नियतकालिकाच्या परीक्षकाने घेतलेल्या आक्षेपामुळे विभाग 4 नव्याने लिहिला’ एवढे पुरते. पुढच्या वेळी निबंध नाकारला गेला, तर अहवाल जपून ठेवा, आणि निबंध जिथे छापला जाईल तिथे हे वाक्य लिहा.